रिपोर्ट नॉर्मल, नाडी 44: अहिल्यानगरच्या जिल्हा शल्य चिकित्सकांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा शल्य चिकित्सक,
जिल्हा रुग्णालय, अहिल्यानगर

महोदय,



मी याच जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. घरात अन्न असूनही ज्यांचं जेवण तुटलं आहे, अशा बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींबद्दल हे पत्र आहे. या आजाराला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. तो मुंबई-पुण्याचा, इंग्रजी शाळांचा, मोबाइलवरच्या फोटोंचा आजार आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यामुळे संगमनेर, श्रीरामपूर किंवा पाथर्डीची मुलगी समोर आली की तो कोणाच्या डोक्यातच येत नाही. एखाद्याच्या डोक्यात आलाच, तर "मानसिक आहे, समुपदेशन करा" असं चिठ्ठीवर लिहून तिला घरी पाठवलं जातं. माझा आक्षेप या दुसऱ्या गोष्टीला जास्त आहे. आजार मनात सुरू होत असला, तरी पहिल्या दिवशी जीव वाचवायचा प्रश्न हृदयाचा, क्षारांचा आणि तापमानाचा असतो. तो प्रश्न बालरोग कक्षाचा आहे, म्हणून हे पत्र मानसोपचार विभागाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

आपल्याकडे ही मुलगी क्वचितच "मला बारीक व्हायचंय" असं म्हणत येते. पोट भरल्यासारखं वाटतं, मळमळतं, घास खाली उतरत नाही, ही तिची तक्रार असते. सुरुवात बहुतेकदा एखाद्या उपवासाने झालेली असते. नवरात्राचे नऊ दिवस झाले, मग गुरुवार धरला, मग रात्रीचं जेवण बंद झालं, आणि घरात तिच्या श्रद्धेचं कौतुकच झालं. दिल्लीच्या खंडेलवाल, शरण आणि सक्सेना या मानसोपचारतज्ज्ञांनी 1995 मध्ये अशा काही भारतीय रुग्णांबद्दल लिहिलं होतं. त्यांचं खाणं सुटलं होतं, वजन घटलं होतं, पाळी थांबली होती. मात्र "मी जाड आहे" हे पाश्चात्त्य पुस्तकातलं वाक्य त्यांच्या तोंडी नव्हतं. म्हणून जाडीची भीती आहे का, एवढाच प्रश्न विचारून आजार नाही असं ठरवू नये. वजन वाढवायची वेळ आली की ती काय करते, ते पाहावं. पोटदुखीचा रुग्ण बरं वाटलं की खातो. ही मुलगी बरं वाटलं तरी तुपाचा हात बाजूला सारते, पोळी चुरून ताटाखाली सरकवते आणि जेवण झाल्यावर अंगणात फेऱ्या मारत बसते.

अर्थात दुसरे आजार शोधायलाच हवेत. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड वाढणं, आतड्याचा दाह, ग्लुटेनची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलियाक, क्वचित मेंदूतली गाठ हेही वजन घटवतात. यात एक साधी खूण उपयोगी पडते. उपाशी शरीर सगळं मंद करतं, त्यामुळे ॲनोरेक्सियात नाडी मंद, हातपाय थंड आणि ईएसआर सहसा कमी असतो. ताप, जलद नाडी किंवा वाढलेला ईएसआर दिसला, तर आपण दुसऱ्या दिशेने चाललं पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ. ही मुलगी मी या पत्रासाठी रचली आहे, कोणा एकीची ही हकिकत नाही. वय 15, उंची 154 सेंटिमीटर, वजन 34 किलो. आठ महिन्यांपासून जेवण कमी, पाच महिन्यांपासून पाळी नाही. वाटेत तिला ॲसिडिटीची औषधं मिळाली आहेत, एंडोस्कोपी झाली आहे, पाळी यावी म्हणून हार्मोनच्या गोळ्या दिल्या आहेत आणि दोनदा "अशक्तपणासाठी" सलाईन लावलं आहे. शाळेत तिचा पहिल्या पाचात नंबर आहे आणि ती अजून सायकलने शाळेत जाते. फाइलमध्ये हिमोग्लोबिन 12.4, साखर, किडनी, लिव्हर सगळं नॉर्मल. आई विचारते, "रिपोर्ट चांगले आहेत, मग ॲडमिट कशाला?"

पहिलं काम नाडीचं, आणि ते नीट करायला नऊ-दहा मिनिटं लागतात. ओपीडीत चालत येऊन स्टुलावर बसलेल्या मुलीची नाडी 72 लागते आणि सगळे निश्चिंत होतात. तिला पाच मिनिटं शांत आडवं झोपवायचं, मग पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि रक्तदाब घ्यायचा. त्यानंतर उभं करायचं आणि दोन मिनिटांनी दोन्ही पुन्हा मोजायचं. आपल्या मुलीची झोपून नाडी 44, रक्तदाब 94/60. उभी राहिल्यावर नाडी 82, रक्तदाब 78/52, आणि डोळ्यांपुढे अंधारी. तापमान 95.7 फॅरनहाइट. अमेरिकेतल्या किशोरवयीन आरोग्याच्या सोसायटीने दाखल करण्यासाठी दिलेले आकडे असे: दिवसा नाडी 50 च्या खाली, रात्री 45 च्या खाली, रक्तदाब 90/45 च्या खाली, तापमान 96 फॅरनहाइटच्या खाली, वय-लिंगानुसारच्या मध्यम बीएमआयच्या 75 टक्के किंवा त्याहून कमी वजन, क्षार बिघडलेले, ईसीजीत क्यूटी लांबलेला, किंवा जेवण पूर्ण बंद. यातलं एकही असलं तरी दाखल करण्याचा विचार करावा लागतो. आपल्या मुलीत नाडी, तापमान आणि वजन या तिन्ही गोष्टी आहेत, उभं राहिल्यावर नाडी 38 ने उसळते आणि वरचा रक्तदाब 90 च्या खाली जातो.

"खेळाडूची नाडी अशीच मंद असते" हे वाक्य मी वारंवार ऐकते. खेळाडूचं हृदय झोपून मंद चालतं, पण उभं राहिल्यावर असं उसळत नाही. शिवाय त्याचे हात उबदार असतात. उपाशी मुलीचं हृदय बारीक झालेलं असतं, स्नायू झिजलेला असतो, आणि उभं राहण्याएवढं कामही त्याला जड जातं. हृदयाची नाडी हीच या आजाराची सर्वांत स्वस्त तपासणी आहे, हे इथे ठासून सांगावंसं वाटतं.

दुसरी तपासणीही तितकीच स्वस्त आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सने 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत ती आहे. मुलीला जमिनीवर आडवी झोपवून हात न टेकता उठून बसायला सांगायचं, मग उकिडवं बसवून हात न टेकता उभं राहायला सांगायचं. जिला लहानपणापासून जमिनीवर बसून जेवायची सवय आहे, तिला हे सहज जमायला हवं. मांडीवर हात टेकून, दम घेऊन उठावं लागलं, तर स्नायू गेलेले आहेत. हात टेकूनच उठता आलं किंवा उठताच आलं नाही, तर तो लाल धोका समजावा. हे ग्रामीण रुग्णालयात, आरोग्य उपकेंद्रात, अगदी शाळेच्या व्हरांड्यातही करता येतं.

आता त्या नॉर्मल रिपोर्टांबद्दल. शरीर उपाशी राहतं तेव्हा रक्तातले आकडे शेवटपर्यंत सांभाळतं, आणि त्यासाठी पेशींमधला साठा काढून रक्तात आणतं. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असतो तेव्हा पेशी रिकाम्या झालेल्या असू शकतात. पोटॅशियम कमी आलंच, तर ती लपून उलट्या काढते का किंवा जुलाबाच्या गोळ्या घेते का, हे विचारायला हवं. सोडियम कमी आलं, तर वजनाच्या आधी भरपूर पाणी पिण्याची शक्यता असते. थायरॉइडचा टी3 कमी येतो, तो शरीराने स्वतःहून मंद केलेला असतो. त्याला थायरॉक्सिनची गोळी देणं म्हणजे घटतं वजन आणखी घटवणं आणि थकलेल्या हृदयाला पळवणं. पाळीच्या हार्मोनच्या गोळ्यांचंही तसंच. त्यांनी रक्तस्राव होतो, घरचे निर्धास्त होतात, पण हाडं झिजायची थांबत नाहीत आणि पाळी परत आली की नाही ही आपल्या हातातली एक खरी खूण खोटी ठरते.

सलाईनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या जिल्ह्यात अशक्त माणसाला पहिली मदत म्हणून तेच मिळतं. ग्लुकोज असलेली बाटली उपाशी शरीरात वेगाने गेली, की इन्सुलिन उसळतं. इन्सुलिन साखरेसोबत रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढून घेतं. कित्येक महिन्यांत पेशींतला साठा रिकामा झालेला असल्याने फॉस्फेट पाहता पाहता घसरतं. फॉस्फेटशिवाय पेशीला ऊर्जा बनवता येत नाही. मग श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचा ठोका चुकतो, पायांना सूज येते, भान हरपतं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांमधून सुटलेल्या उपाशी कैद्यांना जेवण मिळालं आणि त्यातले काही जेवणानंतरच दगावले, तेव्हा वैद्यकाने हे प्रथम नीट पाहिलं. साखर फारच खाली असेल किंवा मुलगी खरोखर कोरडी पडली असेल, तर शिरेतून द्यावंच लागतं, पण आधी थायमिन देऊन आणि सावकाश. एरवी तोंडाने खाता येणाऱ्या मुलीला सलाईन लावू नये.

मात्र या भीतीची दुसरी बाजूही तितकीच घातक आहे. रिफीडिंगला घाबरून पूर्वी अशा मुलींना दिवसाला हजार-बाराशे कॅलरींवर ठेवत. पहिल्या आठवड्यात त्यांचं वजन आणखी घटत असे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत बारा ते चोवीस वयाच्या रुग्णांची दोन गटांत तुलना झाली. एका गटाला रोज 2000 कॅलरींपासून सुरू करून दर दिवशी 200 वाढवल्या, दुसऱ्याला 1400 पासून सुरू करून दिवसाआड 200. जास्त अन्न मिळालेला गट तीन दिवस आधी वैद्यकीयदृष्ट्या स्थिर झाला आणि क्षार बिघडण्याच्या घटना त्याच्यात जास्त नव्हत्या. ही चाचणी रोज रक्त तपासणाऱ्या रुग्णालयांत झाली आणि अत्यंत खालावलेले, म्हणजे मध्यम बीएमआयच्या 60 टक्क्यांखालचे रुग्ण तिच्यात नव्हते, हे मात्र विसरू नये.

म्हणून आपल्या मुलीसाठी सुरुवात किती, हे फॉस्फेटचा रिपोर्ट किती वेळात हाती येतो यावर ठरतं. तिचा बीएमआय 14.3. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पंधरा वर्षांच्या मुलीचा मध्यम बीएमआय 20.2 आहे. म्हणजे ती 71 टक्क्यांवर आहे. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज सकाळी तपासून दुपारच्या जेवणाआधी रिपोर्ट मिळत असेल, तर मी तिला 2000 वर सुरू करीन. तो तिसऱ्या दिवशी बाहेरच्या प्रयोगशाळेतून येणार असेल, तर 1400 वर सुरू करून दिवसाआड वाढवीन. पहिल्या घासाआधी थायमिन, आणि पहिला आठवडा रोज. समजा दाखल होताना फॉस्फेट 3.8 आहे, दुसऱ्या दिवशी 3.3, तिसऱ्या दिवशी 2.6. धोक्याचे दिवस हेच, साधारण पहिला आठवडा. अशा वेळी अन्न बंद करायचं नाही. 3 च्या खाली गेल्यावर तोंडावाटे फॉस्फेट सुरू करायचं, त्या दिवशी कॅलरी वाढवायच्या नाहीत, ईसीजी काढायचा आणि संध्याकाळी पुन्हा रक्त बघायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी आकडा सावरला की वाढ पुन्हा सुरू. ही घसरण शनिवारी रात्री झाली आणि प्रयोगशाळा सोमवारी उघडणार असेल, तर ती कोणालाच दिसणार नाही. या पत्रातली माझी सर्वांत मोठी मागणी त्यामुळे एका साध्या तपासणीची आहे: फॉस्फेट, आठवड्याचे सातही दिवस, त्याच दिवशी रिपोर्ट.

2000 कॅलरी म्हणजे काय, हे स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते, कारण डाएट चार्टवर लिहिलेला आकडा ताटात उतरत नाही. सकाळी म्हशीच्या दुधाचा एक ग्लास आणि शेंगदाणे घातलेले वाटीभर पोहे. दहा-साडेदहाला केळं आणि शेंगदाण्याचा एक लाडू. दुपारी तूप लावलेल्या दोन पोळ्या, भाजी, वाटीभर आमटी. चारला पुन्हा एक ग्लास दूध. रात्री एक पोळी, वरण-भात आणि वर चमचाभर तूप. झोपताना पाऊण ग्लास दूध. दुधावर माझा भर आहे, कारण त्यात फॉस्फेट आहे आणि शरीर ते सहज घेतं. पुढे रोजची 200 ची भर म्हणजे आणखी एक ग्लास म्हशीचं दूध, किंवा चार चमचे तूप, किंवा आणखी एक मोठा लाडू. हवं तर थालीपिठावर लोणी. भाकरी चालते, पण ती लवकर पोट भरवते. सुरुवातीला पोट सुस्त झालेलं असतं आणि जेवणाचा आकार जितका छोटा तितका तिला सोसतो, म्हणून पोळी-तूप-दूध पुढे आणि कोशिंबीर-सूप मागे. दहा दिवसांत ती 3000 च्या आसपास पोहोचते. इतकं कशाला, असं घरचे विचारतात. वजन आठवड्याला एक किलो वाढायला रोजच्या खर्चाच्या वर सुमारे हजार कॅलरी लागतात, आणि शरीर तापू लागलं की रोजचा खर्चही वाढतो.

इथे एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना दिवसाला साधारण 1570 कॅलरी मिळत होत्या. त्यांची वजनं सुमारे चतुर्थांशाने उतरली, नाडी मंदावली. शिवाय मनाने धडधाकट असलेले ते तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. आपण ज्याला मुलीचा हट्टी स्वभाव म्हणतो, त्याचा मोठा भाग उपासमारीने तयार झालेला असतो आणि तो पोट भरल्याशिवाय समुपदेशनाने जात नाही. आणि आपल्याकडच्या ओपीडीत वाढत्या वयाच्या मुलीला "बॅलन्स्ड डाएट" म्हणून 1500 कॅलरींचा छापील तक्ता दिला जातो, हेही मी पाहिलं आहे.

कक्षात परिचारिकेचं काम डॉक्टरांपेक्षा जास्त असतं. जेवणाला अर्धा तास, मधल्या खाण्याला पाव तास, कोणीतरी समोर बसलेलं. ताटात उरलं ते दुधाच्या रूपात भरून काढायचं. तेही नाकारलं तर शिक्षा म्हणून नव्हे, औषध म्हणून नाकातली नळी. जेवणानंतर तासभर संडासाकडे एकटीने जायचं नाही. वजन सकाळी, लघवीनंतर, हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर, तिची पाठ आकड्याकडे. लघवीची घनता 1.010 च्या खाली असेल, तर वजनाआधी पाणी प्यालेलं असतं. खिशात नाणी, कमरेला बांधलेला दगडही निघतो, आणि तो निघाला की ओरडायचं नाही, फक्त आकडा पुन्हा घ्यायचा. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो एकदम वाढले, पावलांवर सूज आली, तर ते पाणी आहे. त्याला यश म्हणून आनंद मानू नये आणि सूज उतरवायला लघवीची गोळीही देऊ नये. रात्री दोन ते चारच्या दरम्यान नाडी एकदा तरी मॉनिटरवर पाहावी, तेव्हा ती सर्वांत खाली असते. आणि जीव नकोसा वाटतो का, हे कोणीतरी तिला एकटीला, सरळ शब्दांत विचारलं पाहिजे. हा प्रश्न विचारल्याने काही बिघडत नाही.

घरी कधी सोडायचं, हे "जरा खायला लागली" यावर ठरू नये. रात्रीची नाडी 45 च्या वर, वरचा रक्तदाब 90 च्या वर, तापमान 96 च्या वर, उभं राहिल्यावर नाडी 35 पेक्षा जास्त न उसळणं, वजन 75 टक्क्यांच्या वर (आपल्या मुलीसाठी 36 किलो), आणि हे सगळं सलग एक दिवस तरी टिकलेलं. फॉस्फेट औषधाशिवाय नॉर्मल. त्यात मी एक माझी अट घालते: तिच्या आईने, वडिलांनी किंवा आजीने कक्षातच तिला तीन पूर्ण जेवणं भरवून दाखवलेली असावीत. दोन-अडीच आठवड्यांत हे साधतं, पण ती बरी झालेली नसते. आता बाकीचं काम घरी होतं.

आणि इथेच ध्येयाचा प्रश्न येतो, ज्यावर माझे बरेच सहकारी माझ्याशी वाद घालतात. किती वजन झालं म्हणजे झालं? तक्त्यातल्या मध्यम बीएमआयने काढलं तर 154 सेंटिमीटरला 48 किलो येतं. काही जण 90 टक्के, म्हणजे 43 किलोवर थांबतात, कारण मुलगी दिसायला चांगली दिसू लागते आणि भांडणं कमी होतात. मी दोन्ही आकडे शेवटचे मानत नाही. तिच्या शाळेच्या आरोग्य तपासणीच्या नोंदी काढल्या, तर बाराव्या वर्षी उंची 146, वजन 40. चौदाव्या वर्षी उंची 153, वजन 48. दोन्ही वेळा ती मध्यम रेषेच्या किंचित वर, साधारण साडेचार टक्के वर होती. तिची रेषा तीच. त्या रेषेने पंधराव्या वर्षी तिचं वजन 50 किलो असायला हवं होतं. म्हणजे तिने 14 किलो गमावले असं दिसत असलं, तरी ती 16 किलो मागे आहे, कारण आजाराच्या काळात वाढायचं होतं तेही राहिलं. आणि ती सोळा वर्षांची होईल तेव्हा उंची 155 धरली, तर तिचं ध्येय 52 च्या आसपास सरकलेलं असेल. म्हणून ध्येयाचा आकडा दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा काढावा लागतो, आणि घरच्यांना पहिल्याच दिवशी "50" असा एक आकडा सांगून टाकू नये.

जी मुलगी पूर्वीपासून जाड होती तिच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं आहे. 70 किलोची मुलगी सहा महिन्यांत 50 वर आली, तर तक्त्यात ती नॉर्मल दिसते आणि नातेवाईक तिचं अभिनंदन करतात. तिची नाडी 42 असू शकते. अशा मुलींना तक्ता कधीच पकडत नाही. वजन किती टक्के आणि किती वेगाने घटलं, हे पकडतं. मुलग्यांना पाळीची खूणही नसते, तिथे वाढीची रेषा हीच एक साक्षीदार.

पाळी परत येणं हे तक्त्यापेक्षा चांगलं माप आहे. बहुतेक मुलींत ती मध्यम वजनाच्या 90 ते 95 टक्क्यांच्या पुढे, आणि तिथे पोहोचल्यावर पुढच्या काही महिन्यांत येते. पाळी थांबली तेव्हाच्या वजनापेक्षा सहसा दोन-एक किलो जास्त लागतात. म्हणून 43 किलोवर "झालं" म्हणणं म्हणजे मुलीला आजाराच्या उंबरठ्यावरच सोडणं.

घरी आठवड्याला अर्धा किलो हा वेग धरला, तर 36 वरून 50 वर जायला 28 आठवडे लागतात. साडेसहा महिने. एका शैक्षणिक वर्षाचा बराचसा भाग. या काळात आठवड्यातून एकदा वजन आणि झोपून-उभं राहून नाडी, आणि यासाठी तिने दरवेळी अहिल्यानगरला यायची गरज नाही. अकोले किंवा जामखेडच्या मुलीसाठी जवळचं ग्रामीण रुग्णालय पुरतं, फक्त काटा एकच हवा आणि वही एकच हवी. सलग दोन आठवडे वजन वाढलं नाही, तर रोजच्या ताटात 300 ते 500 कॅलरींची भर. घटलं किंवा नाडी पुन्हा 50 च्या खाली गेली, तर परत दाखल. घरी ताट कोण वाढणार, हे मुलीने ठरवायचं नाही. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात 1980 च्या दशकात विकसित झालेली, आई-वडिलांच्या हाती जेवण देणारी कुटुंब-आधारित उपचारपद्धती किशोरवयीनांसाठी सर्वांत चांगली अभ्यासलेली आहे. आपल्या एकत्र कुटुंबांना ती तशी परकी नाही. अडचण एवढीच की आजी गुपचूप सांगते, "दमवू नका पोरीला", आणि वडील तिसऱ्या आठवड्यात चिडतात. म्हणून पहिल्या बैठकीला दोघांनाही बोलवावं लागतं.

महोदय, या जिल्ह्याला वजनाच्या रेषेचं महत्त्व कोणी नव्याने शिकवायला नको. जामखेडमध्ये 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर आणि अर्धशिक्षित बायकांना गावातल्या मुलांची वजनं करायला आणि त्यावरून आजार ओळखायला शिकवलं. आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांमध्ये जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची उंची-वजनं घेतात. पोषण पुनर्वसन केंद्रांमध्ये पाच वर्षांखालच्या उपाशी बाळाला अन्न हळूहळू का द्यायचं, हे परिचारिकांना माहीत आहे. पण पथकाच्या नोंदीत मुलगी "कमी वजनाची" एवढंच लिहिलेलं असतं. मागच्या वर्षी ती किती होती, हे त्या ओळीत नसतं. मुळातच बारीक असलेली मुलगी आणि वर्षभरात 14 किलो घटलेली मुलगी एकाच रकान्यात बसतात.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. पथकाच्या नोंदवहीत मागील वर्षाचं वजन शेजारी लिहिलं जावं, आणि वर्षभरात ज्या मुलाचं वजन वाढण्याऐवजी घटलं असेल त्याची झोपून-उभं राहून नाडी त्याच दिवशी मोजली जावी. झोपून नाडी 50 च्या खाली आली, तर "मैत्री" क्लिनिकमध्ये पुढच्या महिन्याची तारीख देऊ नये, त्याच दिवशी बालरोग कक्षात पाठवावं. कक्षात या मुलांसाठी दोन खाटा, मॉनिटर, तोंडावाटे द्यायचं फॉस्फेट आणि थायमिन ठेवलेलं असावं. रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला 2000 आणि 3000 कॅलरींचं, वर लिहिलं तसं साधं ताट लिहून द्यावं. आणि फॉस्फेटची तपासणी रविवारीसुद्धा व्हावी.

कक्षातल्या डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घ्यायला मी तयार आहे. कळवल्यास माझा तक्ता, नाडीची वही आणि ताटाचे फोटो घेऊन येईन. जुलैच्या आत झालं तर बरं, कारण शाळेच्या तपासण्या सुरू झाल्या की या मुली पथकासमोर उभ्या राहतील.

आपली,
जिल्ह्यातील एक बालरोगतज्ज्ञ